पन्नास शोधनिबंध आणि एक आठवडा : वाचनाचा क्रम ठरवण्याचा प्रश्न

एका आठवड्यात पन्नास शोधनिबंध हातावेगळे करायचे असतील, तर ते सगळे वाचणे शक्य नाही, हे साध्या गुणाकारानेच स्पष्ट होते. संगणकशास्त्रज्ञ श्रीनिवासन केशव यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या टिपणात शोधनिबंधाच्या वाचनाच्या तीन फेऱ्या सांगितल्या. पहिल्या फेरीत शीर्षक, सारांश, प्रस्तावना, पोटमथळे आणि निष्कर्ष पाहून संदर्भसूचीवर नजर टाकायची, आणि त्यासाठी पाच ते दहा मिनिटे द्यायची. दुसऱ्या फेरीत आकृत्या आणि मुख्य युक्तिवाद समजून घ्यायचा, त्यासाठी सुमारे एक तास लागतो. तिसऱ्या फेरीत लेखकाचे काम मनातल्या मनात पुन्हा उभे करायचे असते, आणि नवख्या वाचकाचे त्यात चार-पाच तास जातात. या हिशेबाने पन्नास निबंधांची नुसती पहिली फेरीच दर निबंधास दहा मिनिटे धरली तरी आठ तास वीस मिनिटांची होते, आणि दुसरी फेरी पन्नास तासांची. रोजचे काम सांभाळून वाचणाऱ्याला आठवड्यात पंधरा तास मिळाले तरी पुष्कळ झाले. म्हणून प्रश्न वेगाने वाचण्याचा उरत नाही. कोणता निबंध आधी उघडायचा, कोणता अर्धवट पाहायचा आणि कोणता सोडून द्यायचा, एवढाच उरतो.

या प्रश्नावर उपलब्ध असलेला सल्ला दोन वेगळ्या परंपरांतून आलेला आहे, आणि त्यांची गल्लत केली की वेळ वाया जातो. केशव यांची पद्धत एका निबंधाच्या आत किती खोल शिरायचे ते सांगते. पन्नासांपैकी कोणाच्या आत शिरायचे ते ती फारसे सांगत नाही. दुसरी परंपरा वैद्यकातली आहे. ट्रिशा ग्रीनहाल्ग यांनी १९९७ साली ‘बीएमजे’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखमालेत निबंध ठेवायचा की टाकायचा याचा निर्णय प्रामुख्याने त्याच्या पद्धती-विभागावरून, म्हणजे अभ्यास कसा केला हे सांगणाऱ्या भागावरून करावा, असा आग्रह धरला. निष्कर्ष कितीही आकर्षक असला तरी पद्धत कच्ची असेल तर पुढे वाचण्याचे कारण उरत नाही. कोक्रेन या संस्थेच्या पद्धतशीर आढाव्यांमध्ये, म्हणजे एखाद्या प्रश्नावरचे सर्व अभ्यास ठरलेल्या निकषांनी गोळा करून तपासणाऱ्या लेखांमध्ये, दोन व्यक्ती एकमेकींपासून स्वतंत्रपणे निवड करतात आणि संपूर्ण वाचून वगळलेल्या अभ्यासांची कारणे नोंदवतात. आठवडाभरात एकट्याने काम करणाऱ्याला दुसरी व्यक्ती मिळत नाही, पण कारण लिहून ठेवण्याची शिस्त मात्र त्याला जशीच्या तशी उचलता येते. या सगळ्या सल्ल्यांतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. कारण न लिहिता सोडलेला निबंध आणि विसरलेला निबंध यांत आठवड्याच्या शेवटी काही फरक राहत नाही.

हे सगळे एका ठोस उदाहरणावर तपासून पाहणे योग्य होईल. समजा, कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरपुढे प्रश्न आहे तो असा : लाल विंचू चावलेल्या रुग्णाला प्राझोसिन हे औषध तर द्यायचेच, पण त्यासोबत विंचवाचे प्रतिविषही द्यावे का? तिच्या विभागप्रमुखांनी पुढच्या सोमवारी यावर सादरीकरण ठेवलेले आहे, आणि शोध घेतल्यावर तिच्या संगणकावर पन्नास निबंध जमा झाले आहेत.

प्रश्नाचे वैद्यकीय अंग थोडक्यात असे आहे. लाल विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होत नाहीत, आणि त्यामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. दरदरून घाम सुटतो, लाळ गळते, हातपाय गार पडतात, रक्तदाब वाढतो, आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी भरते. प्राझोसिन रक्तवाहिन्यांचे आकुंचन रोखून या पुराचे परिणाम अडवते. प्रतिविष खुद्द विषालाच निष्प्रभ करते. महाडजवळच्या बिरवाडीत काम सुरू केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि १९८६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला, त्यानंतर कोकणातल्या गंभीर रुग्णांमधील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. म्हणजे प्रश्न प्राझोसिन की काहीच नाही असा नाही, तर प्राझोसिनवर आणखी भर घालून काही हाती लागते का, असा आहे.

प्रश्न एवढा नेमका मांडला की निवडीचे निम्मे काम होते. वैद्यकात यासाठी चार घटक वापरतात : रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता मोजायचा. येथे रुग्ण म्हणजे लाल विंचू चावून शरीरभर लक्षणे दिसणारी व्यक्ती, उपाय म्हणजे प्राझोसिन अधिक प्रतिविष, तुलना एकट्या प्राझोसिनशी, आणि परिणाम म्हणजे लक्षणे किती लवकर ओसरतात आणि किती रुग्ण अधिक गंभीर अवस्थेत जातात. हे चार घटक एका कागदावर लिहून समोर ठेवले, तर प्रत्येक निबंधाला विचारायचा प्रश्न एकच उरतो : याने तिच्या उत्तरात काही बदल होऊ शकतो का?

शोधातच होणारी एक चूक पुढे निवडीत दुरुस्त करता येत नाही, म्हणून तिचा उल्लेख आवश्यक आहे. लाल विंचवाचे शास्त्रीय नाव गेल्या काही दशकांत बदलत आले आहे. जुन्या निबंधांत तो ब्युथस टॅम्युलस आहे, मधल्या काळातल्या बहुतेक वैद्यकीय लेखांत मेसोब्युथस टॅम्युलस आहे, आणि अलीकडच्या प्राणिशास्त्रीय वर्गीकरणात हॉटेन्टोटा टॅम्युलस. त्यातले एकच नाव टाकून शोधले तर एका काळातले निबंध समोर येतात आणि बाकीचे लपतात. दुसरा शब्द, म्हणजे जातीचे नाव, मात्र टिकून राहिला आहे. प्रतिविषासाठीही इंग्रजीत एकाहून अधिक शब्द चालतात. म्हणून शोधाची ओळ साधारण अशी असावी लागते :

```
(scorpion* OR tamulus) AND
(prazosin OR antivenom OR antivenin OR "venom serum")
```

आता पहिली फेरी. येथे दर निबंधाला पाच मिनिटांहून अधिक देऊ नयेत, आणि ती पाच मिनिटे फक्त एका निर्णयासाठी द्यावीत : निबंध या प्रश्नाचा आहे की नाही. सारांश या कामासाठी पुरेसा असतो. निबंधाचा निष्कर्ष खरा आहे की नाही हे ठरवायला मात्र तो अजिबात पुरेसा नसतो, आणि हा भेद पाळला जात नाही म्हणून बहुतेक घाईच्या वाचनात चुका होतात. इझाबेल बुट्रॉन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ‘जामा’मध्ये ७२ अशा यादृच्छिक चाचण्या तपासल्या, ज्यांत मुख्य परिणामात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नव्हता. (यादृच्छिक चाचणी म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळेल हे नशिबावर सोडणारी चाचणी.) त्यांपैकी ४२ निबंधांच्या सारांशातील निष्कर्षांत निकाल प्रत्यक्षाहून अनुकूल वाटेल अशी मांडणी केलेली होती, म्हणजे अर्ध्याहून अधिक निबंधांत. सारांशाच्या शेवटच्या दोन ओळी वाचून ‘उपयोगी ठरले’ असा शेरा मारणारा वाचक या सापळ्यात सापडतो. म्हणून पहिल्या फेरीत त्या दोन ओळी जाणूनबुजून वगळाव्यात, असे येथे सुचवावेसे वाटते. रुग्ण कोण, किती, आणि तुलना कशाशी, एवढेच शोधावे.

या फेरीत वरच्या उदाहरणात पन्नासांतले बरेच निबंध आपोआप बाजूला पडतात. प्राण्यांवरचे प्रयोग विषाची क्रिया समजावून सांगतात, पण प्रतिविष रुग्णाला द्यावे का हे सांगत नाहीत. त्यांतला एखादा पार्श्वभूमीसाठी ठेवावा, बाकीचे सोडावेत. मुंबईतील संशोधकांनी पुढे आणलेला इन्शुलिनच्या उपचाराचा विचार महत्त्वाचा आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचा आहे. ‘तुलना वेगळी’ एवढे कारण लिहून तो गट बाजूला ठेवता येतो. एकेका रुग्णाच्या हकिकती दुष्परिणाम किंवा अनपेक्षित गुंतागुंत दाखवतात, पण एका उपायाची दुसऱ्याशी तुलना करू शकत नाहीत. सगळ्यांत फसवा गट मात्र दुबार निबंधांचा असतो. एकाच रुग्णालयातले तेच रुग्ण आधी परिषदेच्या सारांशात येतात, मग छोट्या लेखात, मग पूर्ण निबंधात, आणि मोजताना तीन पुरावे असल्यासारखे वाटतात. ते ओळखण्याची खूण अशी की लेखकांची नावे, रुग्णालय, कालावधी आणि रुग्णसंख्या ही चौकडी जुळते. अशा वेळी सर्वांत पूर्ण निबंध ठेवून बाकीचे ‘दुबार’ म्हणून नोंदवावेत.

उरलेल्या सुमारे बारा-पंधरा निबंधांत आधी काय वाचावे, हा या कामाचा गाभा आहे. सर्वांत मोठी चाचणी आधी, किंवा सर्वांत जास्त उद्धृत झालेला निबंध आधी, असा सहज मोह होतो. पण उद्धरणांची संख्या हा पुराव्याच्या बळाचा निकष नाही. स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी २००९ साली ‘बीएमजे’मध्ये एका स्नायुविकाराविषयीच्या एकाच दाव्याभोवतीची ६७५ उद्धरणे तपासली आणि दाखवले की विरोधी पुरावा देणारे निबंध पद्धतशीरपणे उद्धृतच होत नव्हते, तर अनुकूल पुराव्याची पुनरुक्ती होऊन तो दावा पक्का भासू लागला होता. अधिक भरवशाचा मार्ग असा की आधी एक अलीकडचा पद्धतशीर आढावा उघडावा, पण तो उत्तरासाठी नव्हे, तर नकाशा म्हणून. विंचूदंशाच्या उपचारांवर रॉड्रिगो आणि ज्ञानथासन यांचा २०१७ सालचा आढावा आहे. त्यातला समाविष्ट चाचण्यांचा तक्ता आधी पाहिला की आपल्या पन्नासांत कोणती चाचणी निसटली आहे ते अर्ध्या तासात कळते. आढाव्याचा निष्कर्ष मात्र मूळ चाचण्या वाचून होईपर्यंत बाजूला ठेवावा. आधी वाचला तर पुढचे प्रत्येक वाचन त्याला होकार भरण्यापुरते राहते.

त्यानंतर पहिला पूर्ण वाचायचा निबंध कोणता? ट्युनिशियात अब्रूग आणि सहकाऱ्यांनी केलेली आणि १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी ८२५ रुग्णांची आहे, आणि आकाराने ती बाकी सगळ्यांना झाकून टाकते. तिचा निष्कर्ष असा की प्रतिविष सरसकट देण्याने लाभ होत नाही. आकाराच्या क्रमाने वाचणारा येथेच थांबेल आणि प्रश्न मिटला असे समजेल. पण पद्धती-विभाग उघडला की दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे त्यात दंशाची तीव्रता न पाहता दहा वर्षांवरील सर्वांना घेतले होते, म्हणून मोठा हिस्सा असा होता ज्यांना फक्त वेदना होती आणि जे कोणत्याही उपचाराने बरे झालेच असते; दुसरी म्हणजे उत्तर आफ्रिकेतले विंचू वेगळ्या जातींचे आहेत. कोकणातल्या डॉक्टरचा प्रश्न शरीरभर लक्षणे असलेल्या रुग्णाचा आहे, म्हणून हा निबंध तिच्यासाठी दुसऱ्या क्रमांकाचा ठरतो. तो सोडता येत नाही, कारण शरीरभर लक्षणे नसलेल्या रुग्णाला प्रतिविष देण्याविरुद्धचा तो सर्वांत बळकट पुरावा आहे.

पहिल्या क्रमांकावर येते ती महाडची चाचणी, जी बावस्कर दांपत्याने २०११ साली ‘बीएमजे’मध्ये प्रसिद्ध केली. रुग्ण, विंचू, उपाय आणि तुलना, चारही घटक प्रश्नाशी तंतोतंत जुळतात. सत्तर रुग्ण, ३५ ना प्राझोसिनसोबत प्रतिविष, ३५ ना नुसते प्राझोसिन. दहा तासांच्या आत लक्षणे पूर्ण ओसरली अशांची संख्या पहिल्या गटात ३२ आणि दुसऱ्यात ८ होती. बरे होण्याचा सरासरी काळ अनुक्रमे आठ तास आणि १७.७ तास होता. फरक डोळ्यांत भरणारा आहे. तरीही या निबंधाला जो तास द्यायचा तो या आकड्यांसाठी नाही, कारण ते सारांशातही आहेत. तो पद्धती आणि निकाल या विभागांतल्या तीन तपशिलांसाठी द्यायचा आहे. पहिला तपशील असा की चाचणी खुली होती, म्हणजे कोणाला प्रतिविष मिळाले हे उपचार करणाऱ्यांना ठाऊक होते. घाम आणि हातपायांचा गारवा यांसारखी लक्षणे ओसरली की नाही हे ठरवताना त्या माहितीचा परिणाम होऊ शकतो. दुसरा असा की फक्त दुसऱ्या श्रेणीचे रुग्ण घेतले होते, म्हणजे घाम, लाळ यांसारखी लक्षणे असलेले, पण हृदय-फुप्फुसे किंवा मेंदूवर परिणाम न झालेले. तिसरा तपशील सर्वांत महत्त्वाचा आणि सारांश घाईने वाचताना हमखास सुटणारा : अधिक गंभीर श्रेणीत गेलेल्या रुग्णांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती, एकात चार आणि दुसऱ्यात पाच. म्हणजे प्रतिविषाने बरे होण्याचा काळ निम्म्याहून कमी झाला, पण प्रकृती बिघडण्यापासून ते वाचवते हे या चाचणीने सिद्ध केले नाही. सत्तर रुग्णांत ते सिद्ध होण्याची शक्यताही कमीच होती.

एवढे वाचून झाल्यावर बाकीच्या निबंधांचे स्थान आपोआप ठरत जाते. पुदुच्चेरीतील मुलांवरची २०१४ सालची यादृच्छिक चाचणी याच तुलनेची आहे, म्हणून ती लगेच आणि संपूर्ण वाचावी, विशेषतः प्रकृती बिघडण्याबाबतची तिची आकडेवारी महाडच्या आकड्यांशेजारी मांडून. ॲरिझोनातील बॉयर आणि सहकाऱ्यांची २००९ सालची चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली म्हणून सादरीकरणात हटकून उद्धृत होते : पंधरा मुले, प्रतिविष मिळालेल्या आठही जणांची लक्षणे चार तासांत गेली, तर औषधासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य मिळालेल्या सातांपैकी एकाचीच. पण तिथला विंचू हृदयावर नव्हे, तर मुख्यतः स्नायूंच्या अनियंत्रित हालचालींच्या रूपाने त्रास देतो, आणि तुलनेत प्राझोसिन नाहीच. नियतकालिकाचे नाव कितीही मोठे असले तरी या प्रश्नासाठी ती पंधरा मिनिटांची आहे : पद्धती, निकालाचा तक्ता आणि थांबायचे. १९८६ च्या सुमारासचे प्राझोसिनचे निबंध इतिहासासाठी थोडे चाळावेत. त्यांत आधीच्या काळातल्या मृत्युदराशी तुलना आहे, समकालीन गट नाही, म्हणून प्रतिविषाच्या प्रश्नात ते पुरावा म्हणून येत नाहीत.

निवडीतल्या चुका कळाव्यात कशा? त्यासाठी दोन तपासण्या पुरतात आणि दोन्ही मिळून दीड तासाच्या आहेत. पहिली अशी की पूर्ण वाचलेल्या चार-पाच निबंधांच्या संदर्भसूची शेजारी ठेवून पाहाव्यात. त्यांतल्या बहुतेकांनी उल्लेखलेला एखादा निबंध ‘सोडले’ या ढिगात पडलेला असेल, तर तो बाहेर काढून पुन्हा पाहावा. या तपासणीची मर्यादा ग्रीनबर्ग यांच्या निष्कर्षातच आहे : ज्याला कोणीच उद्धृत करत नाही तो विरोधी निबंध या जाळ्यात सापडत नाही. म्हणून दुसरी तपासणी लागते. सोडलेल्या ढिगातून डोळे मिटून पाच निबंध काढावेत आणि नोंदवलेले कारण पद्धती-विभागाशी ताडून पाहावे. पाचांपैकी एकाचेही कारण चुकीचे निघाले, तर सगळा ढीग पुन्हा चाळावा लागतो, कारण त्या प्रमाणात आणखी चुका आत असणार. या उदाहरणात चुका बहुधा दोन ठिकाणी सापडतात : फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये लिहिलेले निबंध, जे भाषेमुळे ‘संबंध नाही’ असा शेरा मिळवतात, आणि भारतीय नियतकालिकांतल्या छोट्या चाचण्या, ज्यांचे सारांश अपुरे असतात. शेवटी, ठेवलेल्या प्रत्येक निबंधाची पान-नोंद उघडून तो मागे घेतला गेला आहे का किंवा त्यावर शुद्धिपत्र आले आहे का हे पाहावे. एका निबंधाला एक मिनिट लागते.

पंधरा तासांचा हिशेब मग साधारण असा लागतो : पहिली फेरी चार तास दहा मिनिटे, आढाव्याचा नकाशा अर्धा तास, पूर्ण वाचनाच्या चार निबंधांना पाच तास, अर्धवट वाचनाच्या आठ-दहांना अडीच तास, तपासण्या दीड तास, आणि उरलेला वेळ टिपणे लिहिण्यासाठी. सोमवारच्या सादरीकरणात त्या डॉक्टरला ठामपणे सांगता येते ते एवढेच की दुसऱ्या श्रेणीच्या रुग्णाला प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्याने तो लवकर बरा होतो, फक्त वेदना असलेल्याला ते सरसकट देण्यास आधार नाही, आणि फुप्फुसात पाणी भरलेल्या अवस्थेत आलेल्या रुग्णाबद्दल महाडची चाचणी काहीच सांगत नाही, कारण तसे रुग्ण तिच्यात घेतलेच नव्हते. विभागप्रमुख नेमका त्याच रुग्णाबद्दल विचारतील, तेव्हा सोडलेल्या निबंधांची कारणांसह यादी तिच्यासमोर असेल, आणि त्या यादीतल्या गंभीर रुग्णांवरच्या तुलना नसलेल्या नोंदींकडे तेव्हा, आणि तेवढ्याच प्रश्नासाठी, परतता येईल.